आतला व्यास मोजून बिल निघतं, बाहेरचा कोण मोजणार?

मौदा तालुक्यातल्या दोस्तहो, पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या गावात पांदण रस्त्यावर मोरी टाकायचं काम चालू आहे किंवा होणार आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

धान निघायच्या दिवसांत कुठल्यातरी पांदणीवरची मोरी बसते. ढोला मधोमध चिरतो, वरची माती खाली जाते, ट्रॉली अडकते. मग ठरलेलं उत्तर मिळतं: "ट्रॅक्टर ओव्हरलोड होता." शेतकऱ्याचीच चूक! ढोला किती जाड होता, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी सांगता येत नाही, कारण तोवर तो मातीत गाडलेला असतो आणि दोन्ही तोंडांना काँक्रीटची भिंत आलेली असते.

खरी गोम इथंच आहे. सिमेंट पाईप ओळखला जातो तो आतल्या व्यासावर. ९०० मिमीचा ढोला म्हणजे आतून ९०० मिमी. मोजमाप पुस्तिकेत नोंद होते ती आतला व्यास आणि लांबीची, पैसे मिळतात मीटरप्रमाणे. आता पाईपची भिंत १०० मिमी असो की ५५ मिमी, आतला व्यास तेवढाच राहतो, लांबीही तेवढीच राहते. पाणीही तेवढंच जातं. फरक पडतो फक्त बाहेरच्या व्यासात आणि वजनात, आणि नेमक्या याच दोन गोष्टी कोणी मोजत नाही.

भारतीय मानक आयएस ४५८ मध्ये या पाईपांचे वर्ग दिले आहेत. एनपी २ हलक्या वाहतुकीसाठी, एनपी ३ मध्यम, एनपी ४ जड. ९०० मिमीच्या एनपी ३ ची भिंत १०० मिमी लागते, एनपी २ ची साधारण ५५. अंदाजपत्रकात एनपी ३ लिहिलेलं असेल आणि जागेवर एनपी २ उतरला, तर वरून पाहणाऱ्याला दोन्ही गोल, दोन्ही राखाडी. म्हणून हिशेब शिका राजेहो. सातवी-आठवीतलं पोरगंही करू शकतं.

वजन (किलो) = ०.७८५४ × (बाहेरचा व्यास² − आतला व्यास²) × लांबी × २५००

सगळी मापं मीटरमध्ये घ्यायची. २५०० म्हणजे एक घनमीटर सळईच्या काँक्रीटचं वजन. बिनसळईचं असेल, जसं शोषखड्ड्याचं साधं कडं, तर २४०० धरा.

आता ९०० मिमीचा, अडीच मीटर लांबीचा एनपी ३ घेऊ. आतला व्यास ०.९०. भिंत दोन्ही बाजूंनी धरायची, म्हणून बाहेरचा व्यास ०.९० अधिक ०.२०, म्हणजे १.१०. वर्ग झाले १.२१ आणि ०.८१, वजाबाकी ०.४०. त्याला ०.७८५४ नं गुणलं की भिंतीचं क्षेत्रफळ ०.३१४ चौरस मीटर. गुणिले अडीच, गुणिले २५००: साधारण १,९६० किलो. एक ढोला जवळपास दोन टनांचा.

तोच हिशेब ५५ मिमीच्या भिंतीला लावा. बाहेरचा व्यास १.०१, वर्ग १.०२०१, वजाबाकी ०.२१०१, आणि वजन येतं साधारण १,०३० किलो. म्हणजे नऊ क्विंटलच्या वर काँक्रीट एकाच पाईपमधून गायब, आणि पुस्तिकेतल्या नोंदीत एका अक्षराचा फरक नाही.

एक सावधगिरी. घाईत लोक आधी व्यास वजा करतात आणि मग वर्ग करतात. १.१० वजा ०.९० म्हणजे ०.२०, त्याचा वर्ग ०.०४. उत्तर येतं १९६ किलो, खऱ्याच्या बरोबर दहावा हिस्सा. असा कागद घेऊन गेलात तर समोरचा इंजिनिअर हसेल आणि तुमचा मुद्दा तिथंच संपेल. आधी दोघांचे वेगळे वर्ग, मग वजाबाकी. शिवाय १९६ किलो समजून कोणी चार मजुरांना दोन टनांचा ढोला ट्रॉलीवरून ढकलायला लावला, तर काय होईल ते सांगायला नको.

जागेवर मोजायचं कधी? ढोले उतरले आणि खड्ड्यात गेले नाहीत, त्या मधल्या दिवसात. टेप लावून भिंतीची जाडी दोन्ही तोंडांना चार-चार ठिकाणी घ्या, कारण पाईप सगळीकडून सारखा असतोच असं नाही, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ निघू शकतो. बाहेरचा व्यास पकडता येत नसेल तर दोरी गुंडाळून परीघ घ्या आणि ३.१४१६ नं भागा. पाईपवर वर्ग, आतला व्यास आणि बनवल्याची तारीख छापलेली असायला हवी. नसेल तर तोच पहिला प्रश्न.

पण टेपवर वाद घालता येतो, काट्याच्या पावतीवर नाही. धानाचे ट्रक ज्या धर्मकाट्यावर चढतात, त्यावर पाईपचाही ट्रक चढतो. भरलेलं वजन वजा रिकामं वजन, भागिले नग. काटा नसला तरी नग मोजा: दहा टन माल नेणाऱ्या गाडीतून असे दोन टनांचे ढोले पाच येतात. नऊ उतरले तर एक तर गाडी जवळपास दुप्पट भरली होती, नाही तर ढोले अर्ध्या वजनाचे आहेत. दोन्ही गोष्टी विचारण्यासारख्याच.

आता दुसरी बाजूही सांगतो, उगाच कोणाच्या अंगावर धावून जाऊ नका. काँक्रीटचं वजन २४०० ते २५०० च्या मधे हलतं, भिंतीत ३-४ मिमीचा फरक चालून जातो. म्हणून १,८०० किलोपर्यंत आलं तर गप्प बसा. सॉकेटवाला पाईप असेल तर तोंडाच्या जाड भागामुळे वजन सूत्रापेक्षा जास्तच भरेल. आणि वजन बरोबर आलं म्हणजे पाईप मजबूत, असंही नाही. आतली सळई कमी टाकली तर काट्याला पत्ता लागत नाही, त्यासाठी पाईप फुटेपर्यंत दाबण्याची भार चाचणी असते आणि तिचा अहवाल मागावा लागतो. वजन फक्त जाडीची चोरी पकडते. पण ती पक्की पकडते.

"आम्हाला मोजायचा अधिकार काय?" असं विचारणारे भेटतील. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम २ (जे) काढून दाखवा. त्यात कागदाच्या नकलांसोबत कामाची पाहणी आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. अर्ज मात्र ढोले उतरायच्या आधी टाका. उत्तराला तीस दिवस लागतात आणि मोरी दोन दिवसांत बुजते.

माझी मागणी एका ओळीची आहे. मोजमाप पुस्तिकेत प्रत्येक ढोल्यासमोर आतल्या व्यासासोबत बाहेरचा व्यास लिहा आणि काट्याची पावती जोडा. यात ना नवा निधी लागतो, ना नवा शासन निर्णय. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा असेल तर वरचा हिशेब तुमच्या मोरीच्या मापांनी कोऱ्या कागदावर करून न्या. मापं कमेंटमध्ये टाका, वजन मी काढून देतो.