बिचारा बलक!

आमच्या नात्यात हल्ली चाळिशी उलटली की अंड्यातला बलक ताटाबाहेर जातो. पांढऱ्याचं ऑम्लेट मात्र चमचाभर बटरमध्ये परतलेलं चालतं! मला हे पटत नाही, म्हणून ही पोस्ट.

अंड्यातलं सगळं कोलेस्टेरॉल बलकात असतं हे खरंच. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम. पण खाल्लेलं कोलेस्टेरॉल जसंच्या तसं रक्तात जाऊन बसत नाही. आपलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. बाहेरून जास्त आलं की ते आपला कारखाना थोडा मंदावतं. खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपासच शोषलं जातं, ते वेगळंच.

१९९१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ८८ वर्षांच्या आजोबांची हकिगत छापून आली होती. हे गृहस्थ वर्षानुवर्षं रोज २५ अंडी खात (सवयच जडली होती म्हणे), आणि कोलेस्टेरॉल २०० च्या आसपास! तपासल्यावर कळलं की त्यांचं आतडं जेमतेम १८ टक्के कोलेस्टेरॉल शोषत होतं, आणि यकृत जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल करून बाहेर टाकत होतं.

लगेच ट्रे आणायला धावू नका. सगळ्यांची आतडी आजोबांसारखी नसतात. अनेक प्रयोगांची सरासरी काढली तर रोज एक अंडं वाढवल्यावर एकूण कोलेस्टेरॉल अंदाजे ४ ने वाढतं. म्हणजे १८० चं १८४. एवढा फरक तर एकाच माणसाच्या दोन तपासण्यांतही पडतो. वाढतं, पण थोडं. संतृप्त चरबी, म्हणजे लोणी, तूप, साय, जास्त वाढवते. एका अंड्यात ती दीड ग्रॅम, मोठ्या चमचाभर बटरमध्ये सात. मग ऑम्लेटमधून आधी काय काढायचं?

अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये आठवड्याला तीनच बलक सांगितले होते. २०१९ मध्ये त्यांनीच निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालेल असं म्हटलं. माझंही मत तेच, आठवड्याला सात. मधुमेह असेल किंवा घराण्यात लहान वयात हृदयविकार असेल, तर मात्र हा हिशोब लागू नाही, डॉक्टरांना विचारा.

काही जणांचं कोलेस्टेरॉल अंड्याने सरासरीपेक्षा जास्त चढतं, आणि चेहऱ्यावरून ते ओळखू येत नाही. शंका असेल तर लिपिड प्रोफाइल करून घ्या, दीड महिना बाकी जेवण तेच ठेवून फक्त अंडी बंद करा आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. एलडीएल चार-पाचने हललं तर सोडून द्या. वीस-पंचवीसने उतरलं, तर महिनाभराने आणखी एकदा बघा. पुन्हा तेच आलं तर तुमच्यासाठी अंडी कमी.

आणि माझ्या आत्याबाई, तुमचा एलडीएल ९५ आहे. बलक खा, बटर मला द्या :)