दहा मार्कांचा डेडलॉक

देगलूर, बिलोली, मुखेडकडची पोरं बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला येतात, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची शाळा मराठीत झालेली असते. सीमेवरचे तालुके, त्यामुळे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर मात्र इंग्रजीत लिहायचा. मग पोरं करतात काय, तर गाईडमधली चार पानं तोंडपाठ. डेडलॉकचा प्रश्न आला की ती पानं जशीच्या तशी उतरतात, आणि मधलं एखादं वाक्य विसरलं की पुढचं सगळं घसरतं. या आठवड्यात त्या एका प्रश्नाबद्दलच लिहितो, कारण त्याचं उत्तर पाठ न करता, एका आकृतीच्या आधाराने उभं करता येतं.

शंभर मार्कांना तीन तास धरले, तर दहा मार्कांच्या वाट्याला 18 मिनिटं येतात. एवढ्यात अडीच-तीन पानं होतात, जास्त नाही. त्यातलं पहिलं अर्धं पान अरुंद पुलावर समोरासमोर अडकलेल्या दोन ट्रकांवर घालवू नका. दाखला चुकीचा नाही. पण तपासणाऱ्याने तो गठ्ठ्यातल्या प्रत्येक पेपरात वाचलेला असतो, आणि पुढच्या उत्तरात त्या ट्रकांचा काहीच उपयोग होत नाही. त्याऐवजी असा दाखला घ्या जो व्याख्येत, अटींत, आकृतीत आणि उपायांतही चालेल. मी वर्गात प्रिंटर आणि स्कॅनर घेतो. प्रत्येकी एकच. प्रोसेस P1 ने स्कॅनर धरलाय आणि तिला प्रिंटर हवाय. P2 ने प्रिंटर धरलाय आणि तिला स्कॅनर हवाय. हातातलं सोडायला कुणीच तयार नाही, म्हणून दोघी कायमच्या थांबल्या. ही झाली व्याख्या. दोन वाक्यांत, पहिल्या मथळ्याखाली. एका मार्कासाठी यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

दुसरा मथळा चार आवश्यक अटींचा. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी 1971 च्या लेखात त्या मांडल्या, म्हणून पुस्तकांत त्यांना कॉफमनच्या अटी म्हणतात. म्युच्युअल एक्सक्लुजन, होल्ड अँड वेट, नो प्रीएम्प्शन, सर्क्युलर वेट ही नावं जवळपास सगळ्यांना येतात. मार्क जातात ते पुढच्या वाक्यात. नावाखाली त्याच नावाचा अर्थ फिरवून लिहिलेला असतो. तिथे आपला दाखला लावायचा. प्रिंटर एका वेळी एकीलाच देता येतो, ही पहिली अट. P1 स्कॅनर धरून प्रिंटरची वाट पाहते, ही दुसरी. अर्धं पान छापून झालेलं असताना P2 कडून प्रिंटर हिसकावून घेता येत नाही, ही तिसरी. आणि P1 थांबली P2 साठी, P2 थांबली P1 साठी, ही चौथी. या चारही एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात, हे वाक्य शेवटी हवंच. ते नसेल तर पुढे उपायांच्या भागात 'एक अट मोडा' म्हणायला आधारच राहत नाही.

आता आकृती. माझ्या मते सगळ्या उत्तराचा कणा हाच, आणि पोरं नेमकी तीच घाईत काढतात. तिचं नाव रिसोर्स अॅलोकेशन ग्राफ. प्रोसेससाठी गोल, साधनासाठी चौकोन, आणि त्या साधनाचे जितके नग असतील तितके ठिपके चौकोनात. मागणीचा बाण गोलाकडून निघतो आणि चौकोनाच्या कडेला थांबतो. वाटपाचा बाण चौकोनाच्या आतल्या ठिपक्यापासून निघून गोलाकडे जातो. प्रिंटरला R1 आणि स्कॅनरला R2 म्हटलं, तर आपला दाखला असा:

```
P1 --> R1 --> P2 --> R2 --> P1
```

कागदावर हे चौकटीत बसवा. P1 डावीकडे, P2 उजवीकडे, R1 वर, R2 खाली. पट्टी-पेन्सिल वापरा आणि प्रत्येक बाणावर 'मागणी' किंवा 'वाटप' असं इंग्रजीत लिहा. 

इथली नेहमीची चूक मजेशीर आहे. कुणीतरी चारही बाण उलटे काढतो, आणि तरीही वर्तुळ पूर्ण होतं. उलटं फिरवलेलं वर्तुळही वर्तुळच दिसतं, म्हणून काढणाऱ्याला चूक कळत नाही. तपासणाऱ्याला कळते, कारण उलट्या बाणांच्या आकृतीत प्रिंटर P1 कडे गेलेला असतो आणि मजकुरात तो P2 कडे असतो. म्हणून आकृती झाली की एक बाण निवडा आणि तो वाक्य म्हणून वाचा: 'P1 मागते R1'. ते मजकुराशी जुळलं तर दिशा बरोबर. दुसरी तपासणी ठिपक्याची. एका ठिपक्यातून दोन बाण बाहेर पडलेले दिसले, तर एकच प्रिंटर दोघींना दिला असा त्याचा अर्थ, म्हणजे आपलीच पहिली अट आपण मोडली.

आकृतीखाली एक ओळ लिहिणारे फार थोडे. चार अटींपैकी तीन या आकृतीत दिसतात. ठिपक्यातून निघालेला एकच बाण म्हणजे पहिली. P1 कडे आलेला एक बाण आणि तिच्याकडून निघालेला एक, म्हणजे दुसरी. पूर्ण वर्तुळ म्हणजे चौथी. पण तिसरी, हिसकावून न घेण्याची, कुठल्याच बाणात दिसत नाही. ती शब्दांतच सांगावी लागते. एवढी ओळ लिहिली की हे उत्तर समजून लिहिलंय हे तपासणाऱ्याला दिसतं.

प्रश्न 'ग्राफसह स्पष्ट करा' असा असेल, तर त्याच आकृतीला थोडी जोड द्या. R1 च्या चौकोनात दुसरा ठिपका काढा, म्हणजे आता प्रिंटर दोन. तो दुसरा P3 ला द्या, आणि P3 ला आणखी काहीच नको. वर्तुळ अजून तसंच आहे. पण P3 चं काम संपेल, तिचा प्रिंटर P1 ला मिळेल, P1 संपली की स्कॅनर P2 ला. कुणीच अडकलं नाही. म्हणजे प्रत्येक साधनाचा एकच नग असेल, तर वर्तुळ दिसलं की डेडलॉक नक्की. नग जास्त असतील, तर वर्तुळ म्हणजे फक्त शक्यता. आणि वर्तुळच नसेल तर डेडलॉक नाही, हे दोन्हीकडे खरं. 'सायकल म्हणजे डेडलॉक' असं सरसकट ठोकून देणारे पेपर भरपूर असतात.

उपायांच्या मथळ्याखाली प्रिव्हेन्शन, अव्हॉयडन्स, डिटेक्शन आणि रिकव्हरी यांना प्रत्येकी दोन-तीन ओळी पुरतात. प्रिव्हेन्शन म्हणजे चारांपैकी एक अट मोडणं. सगळ्यांनी आधी R1 आणि मगच R2 मागायचं, असा नियम केला की वर्तुळ तयारच होत नाही. किंमत अशी, की P1 ला प्रिंटर शेवटी लागणार असला तरी तिला तो आधीपासून अडवून बसावं लागतं. डिटेक्शन आणि रिकव्हरी आमच्या पोरांनी लॅबमध्ये पाहिलेली असते, फक्त ओळखलेली नसते. मायएसक्यूएलमध्ये दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या ओळींवर अडकले, की ते एकाला मागे फिरवतं आणि हा संदेश देतं:

```
ERROR 1213 (40001): Deadlock found when trying to get lock; try restarting transaction
```

हा दाखला उत्तरात दिलात तर तो तुमचा स्वतःचा वाटतो.

राहिलं अव्हॉयडन्स, आणि सोडवून दाखवायचं छोटं उदाहरण तिथलंच: डाइक्स्ट्रांचा बँकर्स अल्गोरिदम. पुस्तकातलं पाच प्रोसेस आणि तीन साधनांचं मोठं कोष्टक दहा मार्कांच्या प्रश्नात घेऊ नका, अर्धा वेळ तिथेच जातो. तसं कोष्टक प्रश्नातच दिलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर एकाच प्रकारचं साधन घ्या, एकूण 10 नग, तीन प्रोसेस.

```
प्रोसेस   कमाल   हाती   बाकी
P1        8      3      5
P2        3      2      1
P3        6      3      3
एकूण 10, वाटलेले 8, शिल्लक 2
```

'बाकी' म्हणजे कमाल वजा हाती. हा रकाना न काढता पुढे जाणारे तिथेच चुकतात. शिल्लक 2 मध्ये P1 चे 5 भागत नाहीत, P2 चा 1 भागतो. P2 संपली की तिच्या हातातले 2 परत येतात, शिल्लक 4. त्यात P3 चे 3 भागतात. ती संपली की शिल्लक 7. त्यात P1 चे 5 भागतात, आणि ती संपली की सगळे 10 परत. सुरक्षित क्रम P2, P3, P1. इथे शिल्लक वाढवताना 'कमाल' मिळवायचं की 'हाती' असा गोंधळ होतो. जुन्या शिलकीत नेहमी 'हाती' मिळवायचं. पडताळा सोपा आहे: शेवटची शिल्लक एकूण नगांइतकी आली नाही, तर मध्ये कुठेतरी बेरीज चुकली.

बहुतेक जण इथेच थांबतात. पण अल्गोरिदमचं खरं काम आता सुरू होतं, म्हणून आणखी तीन ओळी लिहा. P1 ने आणखी 2 मागितले. हाती 2 शिल्लक आहेत, मग द्यायचे का? दिले असं समजून पाहू. P1 कडे 5 झाले, तिची बाकी 3, शिल्लक 0. आता P2 ला लागणारा 1 सुद्धा नाही. कुणीच पुढे जाईल अशी खात्री नाही, म्हणजे स्थिती असुरक्षित. म्हणून नग हाती असूनही P1 ला थांबवायचं. तिने 1 च मागितला असता, तर शिल्लक 1 राहिली असती, त्यात P2 संपली असती, मग P3, मग P1. तो द्यायला हरकत नव्हती.

शेवटी 'असुरक्षित म्हणजे डेडलॉक झाला' असं मात्र लिहू नका. P1 आपल्या कमाल मागणीपर्यंत न जाता आधीच काही नग परत करू शकते, मग सगळं सुटतं. असुरक्षित स्थितीत डेडलॉक होऊ शकतो, एवढंच म्हणता येतं. 

वेळ कमी पडला तर उपायांच्या ओळी कमी करा. व्याख्या, अटी, आकृती आणि कोष्टक यांना हात लावू नका. वाक्यरचनेत इंग्रजी अडलं तरी बाण, ठिपके आणि आकडे बरोबर असले, की त्यांचे मार्क पडतात.