मी मामी नाहीये!

आजची गोष्ट आहे पाच वर्षांच्या जुईची. जुई काल्पनिक आहे, पण तिला पडलेलं कोडं अगदी खरं आहे. परदेशात राहणाऱ्या कुठल्याही मराठी घरात ते पडू शकतं.

जुई अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते. तिच्या शाळेत अर्धा दिवस इंग्रजीत आणि अर्धा दिवस स्पॅनिशमध्ये शिकवतात. तिथे अशा बऱ्याच शाळा आहेत, आणि स्पॅनिश घरी न बोलणारी मुलंही त्यांत जातात. जुईच्या स्पॅनिशच्या बाई मूळच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या. मुलं त्यांना ‘मायेस्त्रा’ म्हणतात, म्हणजे बाई.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि मायेस्त्राची चिठ्ठी आली. ‘जुई हाक मारली तरी बघत नाही. घरी नीट ऐकू येतं ना?’

आईच्या पोटात गोळाच आला. घरी तर कुरकुऱ्यांचं पाकीट फोडल्याचा आवाज जुईला दुसऱ्या खोलीत ऐकू येतो! रात्री झोपवताना तिनं हळूच विचारलं, “बाई हाक मारतात तेव्हा तू ओ का देत नाहीस गं?”

“त्या मला हाकच मारत नाहीत,” जुई म्हणाली. “त्या मामीला हाक मारतात.”

“कुठल्या मामीला?”

“तेच तर मला कळत नाही ना! माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘बेन, मामी.’ मी मामी नाहीये. मामी दिल्लीला असते.”

शनिवारी सकाळी आठला, म्हणजे दिल्लीत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असताना, नेहमीप्रमाणे मयूर विहारला व्हिडिओ कॉल लागला. आजी, मामा आणि खरीखुरी मामी, तिघंही स्क्रीनवर आले. जुईनं तक्रार मांडली.

“आणि आजी, मुलांना तर त्या पापी म्हणतात!”

“पापी?” आजीनं चष्मा वर केला. “अगं, एवढ्याशा लेकरांना पापी म्हणतात? कसली शाळा आहे ही?”

जुईच्या आईला हसू आवरेना. तिनं तोवर ऑफिसातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मैत्रिणीला विचारून घेतलं होतं. “आई, त्यांच्यात मामी म्हणजे मम्मी, आणि पापी म्हणजे पप्पा. ‘बेन’ म्हणजे ये. ‘बेन, मामी’ म्हणजे ‘ये गं राणी’ म्हटल्यासारखं.”

जुईचा गोंधळ आणखी वाढला. “पण मी त्यांची मम्मी पण नाहीये!”

आता खरी मामी पुढे सरकली. “जुई, आपल्या समोरच्या फ्लॅटमधले बंगाली काका आठवतात? ऑफिसातून आले की त्यांच्या छोट्या मुलीला काय म्हणतात?”

जुईनं डोळे मिटून आठवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रोज त्या मुलीशी खेळायची. “मा म्हणतात. ‘एशो मा.’”

“मग ती काय काकांची आई आहे?”

“नाही!” जुई खुदकन हसली.

“आणि खालच्या मजल्यावरच्या तमिळ आजी नातीला अम्मा म्हणतात. तुझी आजी तुला काय म्हणते?”

“माझी बाय.”

“बाय म्हणजे बाई. तू आहेस का बाई? आहेस एवढीशी!” मामी म्हणाली. “मोठी माणसं लाडात आली ना, की मोठ्यांचं नाव छोट्यांना देऊन टाकतात.”

सगळं उलगडलं ते इथेच. आपण आईला ‘आई’ म्हणतो ते नातं सांगायला. पण आई किंवा वडीलधारं माणूस लेकराला तीच हाक मारतं, तेव्हा नातं बाजूला राहतं आणि त्या शब्दातली माया तेवढी उरते. अरबी घरांतही बाप आपल्या मुलाला ‘बाबा’ म्हणतो. आपण नाही का हट्टाला पेटलेल्या पोरीला म्हणत, “अगं माझे आई, जेव ना आता”?

पण आजीला अजून एक शंका होती. “हजेरी घेताना तरी तुझं नाव घेतात ना गं?”

“नाही. तेव्हा त्या ‘हुई’ म्हणतात.”

इथे मात्र आईचे कान टवकारले. शाळेच्या यादीत नाव इंग्रजी स्पेलिंगनं होतं, जे या अक्षरानं सुरू होणारं. स्पॅनिशमध्ये त्या जेचा उच्चार ‘ह’सारखा होतो, म्हणून जुईची झाली हुई. बिचारी जुई! हजेरीत हुई आणि एरवी मामी. तिनं ओ द्यायची तरी कशाला?

सोमवारी आई मायेस्त्राला भेटली. तिनं एका कागदावर नाव जेऐवजी वाय घालून लिहून दिलं. शब्दाच्या सुरुवातीचा वाय स्पॅनिश बोलणारे बरेच लोक ‘ज’च्या जवळचा उच्चारतात. मायेस्त्रानं वाचलं, “जुई!” आणि मराठीतल्या ‘मामी’चा अर्थ कळल्यावर तर त्या पोट धरून हसल्या. त्यांची आजी त्यांना हीच हाक मारायची म्हणे.

त्या दुपारी घरी जाताना जॅकेटची चेन अडकली तेव्हा मायेस्त्रा खाली बसून म्हणाल्या, “बेन, मामी.” जुई पळत गेली.

आता थोडं पालकांसाठी. नव्या भाषेच्या वर्गात मूल काही आठवडे, कधी काही महिनेही, गप्प गप्प राहू शकतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. ऐकण्याबद्दल शंका असेल तर कानांची तपासणी जरूर करा, पण आधी मुलाला विचारा की तुला तिथे काय नावानं हाक मारतात.

हाक लाडाची आहे का, हे ओळखणं सोपं आहे. ती बाकीच्या मुलांनाही मारली जाते का? जवळ घेताना, समजावताना, शाबासकी देताना येते का? आणि हजेरीला, वहीवर मुलाचं खरं नाव असतं का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर निश्चिंत राहा. पण खरं नाव उच्चारता येत नाही म्हणून त्याच्या जागी लाडाचं नाव चिकटवलं असेल, तर लगेच बोला. नाव नीट म्हणायला शिकवणं हा काही आगाऊपणा नाही.

‘गोर्दिता’ म्हणजे जाडुली, हीसुद्धा स्पॅनिशमध्ये प्रेमाचीच हाक. पण मुलीला ती टोचत असेल तर नको म्हणून सांगावं.

आणखी एक. ‘मामी’ची ही सवय मुख्यतः डॉमिनिकन रिपब्लिक, प्युर्टो रिको, क्युबा या भागांतली. स्पेनमधल्या बाई बहुधा ‘सिएलो’ म्हणतील, म्हणजे आकाश, किंवा ‘कारिन्यो’, म्हणजे माया. मुलांनी ही हाक उलट बाईंना मारायची नाही, हेही शिकवा. बाई त्या मायेस्त्राच! रस्त्यात अनोळखी पुरुष एखाद्या बाईला ‘मामी’ म्हणाला, तर ती छेडही असू शकते. शब्द तोच, पण कोण कोणाला म्हणतंय यावर सगळं ठरतं.

तुमच्या घरी लेकरांना कुठली उलटी हाक मारतात? आई, बाबा, दादा, की आज्जीबाई? आज जेवताना मुलांनाच विचारा, ती अचूक सांगतील.