तेरीज जुळली, हिशेब चुकला

भंडारा जिल्ह्यात वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला पहिल्या नोकरीच्या दारात एकच प्रश्न विचारला जातो: ‘टॅली येते का?’ या एका प्रश्नावर गावोगावच्या संगणक वर्गांनी आपला धंदा उभारला आहे. तीन वर्षांच्या पदवीने जे मिळाले नाही ते तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राने मिळेल, अशी समजूत करून घेऊन बाप धानाच्या पैशातून पुन्हा एकदा फी भरतो. हा प्रश्नच चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. तो विचारणाऱ्या मालकाचेही त्याने भले होत नाही आणि उत्तर देणाऱ्या मुलाची तर सरळ फसवणूक होते.

टॅली हे बंगळुरूच्या गोयंका पितापुत्रांनी १९८६ साली सुरू केलेल्या उद्योगातून वाढलेले हिशेबाचे साधन आहे. साधन म्हणून ते उत्तमच आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. परंतु त्याने कारकुनाच्या कामाचे स्वरूप कसे बदलले हे आपण नीट पाहिलेले नाही. पूर्वी नवा मुलगा कीर्द लिहीत असे, खतावणी करीत असे आणि महिनाअखेर तेरीज मांडत असे. तेरीज जुळली नाही की रात्र जागून चूक शोधावी लागे, आणि त्या शोधातच तो हिशेब शिकत असे. आता ‘नावे’ आणि ‘जमा’ यांची बेरीज सारखी झाल्याशिवाय यंत्र नोंद स्वीकारतच नाही. तेरीज नेहमीच जुळते. म्हणूनच ती जुळली यावरून काहीही सिद्ध होत नाही. चूक आता बेरजेत राहिलेली नाही, ती व्यवहाराच्या समजुतीत शिरली आहे. आणि समजूत तर कोणत्याही कळा दाबून येत नाही.

हे आपल्याच जिल्ह्यातल्या उदाहरणाने पाहू. भंडारा हा धानाचा जिल्हा. तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूर या भागांत वाणिज्य पदवीधराला पहिली नोकरी देणाऱ्यांत भातगिरणी पुढेच असते. या गिरण्या स्वतःचे धान विकत घेऊन तांदूळ विकतात, आणि शासनाने आधारभूत किमतीने खरेदी केलेले धान भरडूनही देतात. समजा, पणन महासंघाच्या खरेदीतले ५०० क्विंटल धान गिरणीत उतरले. नवा मुलगा काय करतो? धान आले म्हणजे खरेदी झाली, असे तो धरतो. सन २०२५–२६ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. त्या दराने तो ११,८४,५०० रुपये खरेदी खात्याला नावे टाकतो आणि तेवढेच महासंघाच्या खात्याला जमा करतो. यंत्र ही नोंद निमूटपणे घेते. तेरीज जुळते. संगणक वर्गात शिकवलेल्या प्रत्येक पायरीप्रमाणे काम बिनचूक झालेले असते, आणि हिशेब मुळापासून चुकलेला असतो.

कारण ते धान गिरणीचे नव्हेच. ते शासनाचे आहे, गिरणीकडे ते केवळ भरडाईसाठी आले आहे. त्याची खरेदी नाही, आणि त्यातून निघालेल्या तांदळाची विक्रीही नाही. त्याची नोंद रुपयांत करायची नसून वजनात करायची: किती क्विंटल धान आले, किती भरडले, किती तांदूळ परत गेला, बारदाना किती आला आणि किती गेला. टॅलीत यासाठी वेगळी सोय आहे. F11 दाबून जॉब वर्कची सुविधा चालू केली की Material In आणि Material Out अशा नोंदी करता येतात, आणि परका माल स्वतःच्या साठ्यापासून वेगळ्या गोदामात ठेवता येतो. पण ती सोय वापरायची केव्हा, हे ज्याला मालकी आणि ताबा यांतला फरक कळतो त्यालाच सुचेल.

पुढचा हिशेब असा. साध्या तांदळासाठी उतारा शेकडा ६७ धरलेला आहे. म्हणजे ५०० क्विंटल धानामागे ३३५ क्विंटल तांदूळ देणे लागतो. गिरणीचे उत्पन्न म्हणजे भरडाईचा मोबदला, आणि करारानुसार गिरणीकडे राहणाऱ्या कनकी व कोंड्याच्या विक्रीची रक्कम. आता धान हलके निघाले आणि तांदूळ ३२० क्विंटलच उतरला, तर उरलेले १५ क्विंटल गिरणीला आपल्या तांदळातून भरून द्यावे लागतील. त्या १५ क्विंटलांची किंमत हा भरडाईचा खरा खर्च. ज्याने सारे धान खरेदीत घातले त्याच्या वहीत हा तोटा कुठेच दिसत नाही. वर्षअखेर मालक विचारतो, ‘भरडाईत आपल्याला सुटले काय?’ आणि मुलाजवळ उत्तर नसते.

ही चूक ओळखावी कशी? महासंघाचे खाते उघडून पाहावे. ज्या धनकोला एक पैसाही कधी दिला जात नाही आणि तरी ज्याचे येणे प्रत्येक खेपेला वाढतच जाते, तो धनको खरा नव्हे. दुसरी खूण बँकेत सापडते. कॅश क्रेडिटची उचल घेणारी गिरणी बँकेला साठ्याचे पत्रक देते. त्यात शासनाचे धान स्वतःचे म्हणून दाखवले गेले, तर दुसऱ्याचा माल तारण दिल्यासारखे होते. तपासणीत ते उघडकीला आले म्हणजे सही मालकाची असली तरी बोलणी बसतात ती कारकुनाला.

दुसरे काम सर्वत्र सारखेच आहे, मग नोकरी गिरणीत असो, भांड्यांच्या दुकानात असो, पतसंस्थेत असो की कर सल्लागाराच्या कार्यालयात. ते म्हणजे बँक जुळवणी. पदाचे नाव बिलिंग क्लार्क असो, डेटा एंट्री ऑपरेटर असो की सहायक लेखापाल, पहिल्या वर्षी मुलाची परीक्षा होते ती इथेच. समजा, आपल्या वहीत बँकेची शिल्लक १,८४,५०० रुपये आहे आणि बँकेच्या उताऱ्यात २,१४,९१० रुपये. तपासल्यावर चार कारणे सापडतात. आपण दिलेला ३२,००० चा धनादेश अजून वटलेला नाही. आपण भरलेला ६,००० चा धनादेश अजून जमा झालेला नाही. बँकेने ५९० रुपये आकार परस्पर कापला आहे. आणि एका गिऱ्हाइकाने ५,००० रुपये थेट खात्यात पाठवले आहेत. वहीच्या शिलकेत ३२,००० व ५,००० मिळवून ६,००० व ५९० वजा केले की बरोबर २,१४,९१० येतात.

पण बेरीज आली म्हणून काम संपत नाही. या चारांपैकी दोन फरक काळाचे आहेत. ते आपोआप मिटतील, त्यांची नोंद करायची नाही. उरलेले दोन आपल्या अज्ञानाचे आहेत. आकार कापल्याचे आणि पैसे आल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्यांची नोंद आजच करायला हवी. हा भेद न कळणारा मुलगा फरक दिसला की ‘सस्पेन्स’ नावाचे खाते काढतो आणि सगळे त्यात ढकलून मोकळा होतो. ज्या वहीत हे खाते फुगलेले दिसेल तिथे हिशेबनीस नाही, नुसता टंकलेखक बसला आहे, असे खुशाल समजावे. महिनोन् महिने न वटलेला धनादेश तसाच ‘येणे’ म्हणून पुढे ओढलेला दिसला, तर तीही त्याच रोगाची खूण.

मग मुलाने शिकायचे कुठे? टॅलीची शैक्षणिक आवृत्ती फुकट मिळते. तीत महिन्यातल्या मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरे. कळा आठवडाभरात हाताला बसतात. त्यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही. दुर्मिळ आहेत ते खरे कागद: बिले, पावत्या, बँकेचा उतारा, भरडाईचा करार. नाव-गाव खोडलेले एका वर्षाचे असे कागद घेऊन आपल्या तालुक्याच्या कार्यालयात संध्याकाळी आठ-दहा मुलांना बसवावे आणि त्यांच्याकडून बारा महिन्यांची जुळवणी करून घ्यावी. निवृत्त बँक कर्मचारी आणि सहकारी संस्थांचे जुने लेखापरीक्षक आपल्यात आहेतच. ज्यांना सहकाराच्या हिशेबात पुढे जायचे असेल त्यांनी राज्याच्या सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही परीक्षा द्यावी. तिचे मोल खासगी प्रमाणपत्राहून कितीतरी अधिक आहे.

आता मजुरीचा प्रश्न. ‘अनुभव नाही, तेव्हा सहा महिने शिकाऊ म्हणून ये, पुढचे पुढे पाहू,’ हे वाक्य जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांनी ऐकले आहे. कायद्याची भाषा मात्र वेगळी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर करार होऊन त्याची नोंद झाली असेल, तरच तो शिकाऊ. आणि तेव्हा विद्यावेतन द्यावेच लागते. असा नोंदलेला करार नसेल, तर सकाळी दहा ते रात्री आठ नोंदी करणारा मुलगा कामगारच आहे आणि किमान वेतन हा त्याचा हक्क आहे. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांवर आपले आक्षेप अनेक आहेत, आणि ते रास्तच आहेत. परंतु किमान वेतन ठराविक अनुसूचित धंद्यांपुरते न ठेवता सर्वच रोजगारांना लागू करणारे कलम त्यांतल्या वेतन संहितेत आहे. त्याचा उपयोग करून घेण्यात कसूर का करावी? खुद्द राज्य शासनाने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तेव्हा पदवीधराच्या नुसत्या शिकण्याची किंमत महिना दहा हजार रुपये ठरवली होती. काम करून घेणाऱ्याने त्याहून कमी द्यावे, याला कोणता तर्क आहे?

या नोकऱ्या एकेकट्या आहेत, हीच खरी अडचण. गिरणीत हमाल दहा असतात, हिशेबनीस एकटाच. म्हणून त्याची संघटना होत नाही, आणि पांढरपेशेपणाच्या भ्रमात तो स्वतःला हमालांपासून दूर ठेवतो. वस्तुतः त्या दहा हमालांची मजुरी खरोखर किती झाली आणि वहीत किती लिहिली गेली, हे जिल्ह्यात त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. नेमणुकीचे पत्र आणि बँकेतून पगार या दोन मागण्या त्याने पहिल्याच दिवशी कराव्यात, आणि त्या करताना तो एकटा पडणार नाही याची काळजी आपल्या तालुका शाखांनी घ्यावी. दुसऱ्यांचे देणे-घेणे पैशापर्यंत जुळवणाऱ्याचे स्वतःचे येणे वर्षानुवर्षे ‘सस्पेन्स’ खात्यात पडून राहावे, हा हिशेब आपण मान्य करता कामा नये.