परदेशवारीचा अर्ज: प्रेयरमध्ये काय मागावे?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. लुकआउट सर्क्युलर, म्हणजे एलओसीविरुद्ध रिट दाखल करायला आता मुंबई गाठावी लागत नाही. पण खालच्या कोर्टातला अर्ज नीट लिहिला, तर पुष्कळदा रिटची वेळच येत नाही.

समजा, शिरोलीच्या एका फौंड्रीमालकावर फसवणुकीचा खटला चालू आहे. दोषारोपपत्र दाखल आहे, परवानगीशिवाय देश सोडू नये अशी जामिनाची अट आहे आणि पोलिसांनी एलओसीही काढली आहे. जर्मनीतल्या ग्राहकाकडे जायचे म्हणून वकिलांनी अर्ज केला आणि ‘परदेशी जाण्यास परवानगी’ असा एका ओळीचा आदेश मिळाला. त्याने जामिनाची अट शिथिल झाली, एवढेच.

पासपोर्टची मुदत संपली असेल, तर पासपोर्ट कायद्याचे कलम ६(२)(एफ) आडवे येते. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने कोर्टाचा आदेश आणणाऱ्याला त्यातून सूट दिली आहे. मात्र आदेशात मुदत लिहिलेली नसेल, तर त्या अधिसूचनेनुसार पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. म्हणून किती वर्षांसाठी पासपोर्ट द्यावा, हे प्रेयरमध्ये स्पष्ट मागावे. नुसता एफआयआर असून कोर्टाने दखल घेतलेली नसेल, तर हे कलम लागत नाही. म्हणून परवानगीचा अर्ज करण्याआधी दखल घेतली आहे का, ते तपासावे.

खरी फजिती विमानतळावर होते. एलओसीची प्रत पक्षकाराला सहसा मिळत नाही आणि इमिग्रेशन अधिकारी फक्त तिची अंमलबजावणी करतो. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, जिने एलओसी काढली त्या यंत्रणेने रद्द करण्याची विनंती करेपर्यंत ती चालूच राहते. त्यामुळे अर्जात तपास अधिकाऱ्याचे म्हणणे मागवतानाच एलओसी आहे का, हे लेखी विचारावे. असेल तर प्रवासाच्या तारखांपुरती ती स्थगित करण्याचा आणि तसे ब्युरो ऑफ इमिग्रेशनला कळवण्याचा निर्देश मागावा. तो निर्देश तिथवर पोचल्याची खात्री तिकिटाच्या आधी करावी.

अर्जाला जाण्या-येण्याच्या तारखा, तिथला पत्ता, निमंत्रणपत्र आणि पूर्वी वेळेवर परतल्याच्या नोंदी जोडाव्यात. मधल्या तारखांना गैरहजेरीची माफी आणि वकिलामार्फत हजेरी याच अर्जात मागावी; आरोपीची ओळख नाकारणार नाही, अशी हमीही द्यावी.

एलओसीच मुळात निराधार असेल, तेव्हा मात्र सर्किट बेंचकडे जावे. रिया चक्रवर्ती प्रकरणात फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एलओसी रद्द केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. आरोपी तपासाला हजर राहत आला आहे, हे अशा याचिकेत सर्वांत उपयोगी पडते. म्हणून पोलिसांच्या प्रत्येक नोटिशीला दिलेले उत्तर आणि हजेरीची पोच पहिल्या दिवसापासून फाइलला लावत चला.