गोळी पायरी-पायरीने, वही रोजच्या रोज

आईबाबांनो, एडीएचडीसाठी डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिले की पहिला प्रश्न येतो, "एवढ्याशा गोळीने काय होणार?" ती गोळी मुद्दामच छोटी असते. या औषधाची योग्य मात्रा मुलाच्या वयावरून किंवा वजनावरून आधी नेमकी सांगता येत नाही. ती वाढवत वाढवत शोधावी लागते, आणि त्या शोधात तुमची वही डॉक्टरांच्या फार कामाची असते.

समजा, नाशिकच्या सिडकोतला नऊ वर्षांचा, 26 किलोचा मुलगा आहे. शाळा साडेसात ते साडेबारा. आधी डॉक्टर नाडी, रक्तदाब, उंची, वजन पाहतात आणि घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला होता का किंवा कुणाचा अचानक मृत्यू झाला होता का, हे विचारतात. मग औषधाविना एक आठवडा बाई वहीत गुण देतात: फळ्यावरचे उतरवून झाले का, जागेवर बसला का, मध्येच बोलला का. प्रत्येकाला शून्य ते तीन, जितका त्रास जास्त तितके गुण जास्त.

पहिल्या आठवड्यात सकाळी सातला, नाश्त्याबरोबर 5 मिलिग्रॅम. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-एक तासात सुरू होतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. म्हणून पहिले तास बरे गेले तरी अकरानंतर पुन्हा गडबड. दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आणखी 5. तिसऱ्यात सकाळची 10, सुट्टीतली 5. आता गुण निम्म्यावर आले, डबा थोडा उरला, झोप ठीक. चौथ्यात दोन्ही वेळा 10. गडबड आणखी कमी झाली, पण मुलगा मैदानावरही गप्प, हसू नाही, डबा जसाच्या तसा परत. बाईंना हा "शहाणा" मुलगा आवडू शकेल, पण हा गुण नव्हे, मात्रा जास्त झाल्याची खूण आहे. डॉक्टर त्याला तिसऱ्या पायरीवर परत आणतात. त्याची मात्रा तीच.

म्हणून विनंती आहे: एका पायरीला निदान एक आठवडा द्या आणि त्याच आठवड्यात शिकवणी किंवा दुसरे औषध बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. परीक्षा आली म्हणून मनाने गोळी वाढवू नका. दुपारी चारनंतरची गोळी झोप उडवू शकते. घरच्या वहीत डबा, झोपेची वेळ आणि संध्याकाळची चिडचिड लिहा. प्रत्येक वाढीआधी व नंतर नाडी-रक्तदाब तपासून घ्या, दर तीन महिन्यांनी वजन, दर सहा महिन्यांनी उंची. छातीत दुखले, मूल बेशुद्ध पडले किंवा नसलेले दिसू-ऐकू लागले, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना गाठा.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही वह्या सोबत न्या. "बरं वाटतंय" एवढ्यावर डॉक्टरांना पुढची पायरी ठरवता येत नाही.