चाल वेगळी, शब्द वेगळे, संदर्भ वेगळा!

आपल्या होस्टेलवर गाणं शोधायची एक ठरलेली पद्धत आहे. फोन तोंडाजवळ धरायचा आणि एका दमात सगळं ओतायचं: "अरे ते गाणं सांग ना, ते हळूवालं, हं हं हंऽऽ, लग्नात बँडवर वाजतं, त्यात याड का काय शब्द आहे!" समोर रूममेट असता तर त्याने लगेच ओळखलं असतं. कारण माणूस चाल, शब्द आणि संदर्भ एकदमच ऐकतो. फोन तसं ऐकत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या तीन गोष्टी फोनला तीन वेगळ्या वेळी सांगाव्यात.

का ते बघा. फोनला वेगवेगळे कान असतात म्हणा ना. शझामचा कान रेकॉर्डिंग ओळखतो. मूळ गाण्याच्या ध्वनीचा ठसा तो जुळवतो, त्यामुळे चिखलीच्या वरातीतला बँड किंवा आपलं गुणगुणणं त्याच्या कामाचं नाही. दुसरा कान गुगलने ऑक्टोबर 2020 मध्ये आणला. तिथे गाणं शोधायचं बटण दाबून 10 ते 15 सेकंद गुणगुणायचं. तो वाद्यं आणि आवाजाचा पोत बाजूला काढतो आणि फक्त चालीचा चढ-उतार आकड्यांच्या ओळीत बदलून जुळवतो. म्हणजे तुम्ही शब्दांसकट गायलात तरी शब्द मोजले जात नाहीत! तिसरा कान साध्या व्हॉइस सर्चचा. तो बोलणं अक्षरांत उतरवतो आणि मग शोधतो. त्याच्यासाठी तुमचं "हं हं हंऽऽ" म्हणजे नुसता गोंगाट.

आता वरचंच उदाहरण घेऊ. गाणं आहे 'सैराट'मधलं (2016) 'याड लागलं'. आधी फक्त चाल द्या. "अं, थांब हं" वगैरे मध्ये बोलू नका. सूर वरचा-खालचा लागला तरी चालतं, कारण दोन सुरांमधलं अंतर महत्त्वाचं असतं. मात्र मध्येच पट्टी बदलली की ते अंतरच बिघडतं. जिथे चाल ठळक वर-खाली जाते तो तुकडा घ्या. एकाच सुरावर रेंगाळणारा तुकडा शंभर गाण्यांशी जुळू शकतो. गुगल निकालासोबत जुळणीची टक्केवारी दाखवतं. टक्केवारी कमी आणि दर वेळी वेगळीच गाणी येत असतील, तर समजा की तुकडा चुकला. दुसरा घ्या.

समजा चाल बरोबर जुळली. तरी खरी गंमत पुढेच आहे. 'सैराट'चा हिंदी रिमेक 'धडक' 2018 मध्ये आला आणि त्यात हीच चाल 'पहली बार' या गाण्याला आहे. चाल तीच, म्हणून गुणगुणून या दोघांत फरक करताच येणार नाही. मग संदर्भ द्यावा, तर कोणता? "अजय-अतुलचं गाणं" म्हटलं, तर संगीत दोन्हींना त्यांचंच. "अजय गोगावलेचा आवाज" म्हटलं, तर दोन्ही त्यानेच गायलीत. "रोमँटिक" म्हटलं, तर दोन्ही रोमँटिक! एवढं सगळं खरं बोलूनही आपण तिथल्या तिथेच. फरक पाडतात त्या दोनच गोष्टी, भाषा आणि साल.

म्हणून दुसऱ्या वेळी गुणगुणणं पूर्ण बंद करून सरळ बोला: "मराठी पिक्चरचं गाणं, 2016, याड शब्द असलेलं." इथे आणखी एक अडचण येते. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांचे फोन बहुधा इंग्रजी नाहीतर हिंदीवर असतात. हिंदीवरचा फोन 'याड'चं 'याद' करू शकतो, आणि 'याद' असलेली हिंदी गाणी काय कमी आहेत! तेव्हा व्हॉइस सर्चची भाषा मराठी करा आणि फोनने काय लिहिलंय ते स्क्रीनवर वाचा. शब्द चुकीचा उतरला असेल तर पुढचा निकाल बघण्यात अर्थच नाही. 'याड' टाईप करा, एका सेकंदाचं काम.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप आपण का करायचा, अ‍ॅपनेच तिन्ही एकत्र ऐकावं. मागणी रास्त आहे. पण अ‍ॅप कितीही सुधारलं तरी दोन गाण्यांत सारखीच असलेली माहिती देऊन ती दोन गाणी वेगळी होणार नाहीत. तेव्हा बोलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी जे सांगतोय ते दुसऱ्याही गाण्याला लागू पडतं का? पडत असेल तर ते सोडा आणि जे फक्त आपल्याच गाण्याचं आहे तेवढं बोला.